अजिंठ्यातली ओली काच

परवा रविवारी दुपारी लाईट गेली. जाड पडदा ओढून मी मस्त ताणून दिली होती. डोळा उघडला तर समोरच्या भिंतीवर एक रिक्षा चालली होती, चक्क उलटी! चाकं वर, टप खाली. पडद्याच्या बारीक भोकातून अख्खा रस्ता माझ्या बेडरूममध्ये शिरला होता. अंधाऱ्या खोलीचा, म्हणजे कॅमेरा ऑब्स्क्युराचा हा खेळ शेकडो वर्षं लोकांना ठाऊक होता. अडचण एकच, चित्र टिकायचं नाही. १८३९ मध्ये फ्रान्सच्या दागेरने चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर ते टिकवलं खरं, पण त्या फोटोची दुसरी प्रत काढता यायची नाही.

मग आली काच. आणि तीच घेऊन आपल्या अजिंठ्यात एक माणूस घाम गाळत होता, मेजर रॉबर्ट गिल. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला लेण्यांतली चित्रं हाताने उतरवून घ्यायला नेमलं. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला.

आता कल्पना करा. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं चिकट कलोडियन काचेवर ओतायचं. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओलीच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि पळत तंबूत जाऊन डेव्हलप करायची. सगळा कारभार साधारण दहा मिनिटांत उरकायचा! काच वाळली की तिची ताकद गेली, वर डाग पडले ते वेगळेच. त्यात ईथर ३५ अंशाला उकळतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये काय होत असेल, सांगायला नको.

म्हणजे लेण्याच्या आतल्या मिणमिणत्या उजेडात काच तासभर उघडी ठेवायची सोयच नाही. आणि समजा उजेड मिळाला, तरी या काचेला मुख्यतः निळा आणि जांभळा प्रकाशच दिसायचा. लाल, पिवळा जवळजवळ काळाच! अजिंठ्याची भित्तिचित्रं तर गेरू आणि पिवळ्या मातीत न्हालेली. खांब, कमानी, दर्शनी भाग कॅमेऱ्यात झकास आले; रंगांसाठी मात्र ब्रशच हवा होता.

म्हणूनच पुढची गोष्ट चटका लावते. गिलची ती हाताने रंगवलेली चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. १८६६ च्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. फोटो तेवढे राहिले. १८६४ मध्येच फर्ग्युसनबरोबर त्यांचं पुस्तकही निघालं होतं. पण जळालेल्या चित्रांची जागा ते घेणार कसे? एव्हाना साठीत पोचलेला गिल पुन्हा रंग घेऊन कामाला लागला.

त्या काळचा असा एखादा फोटो बघायला मिळाला तर लेण्यांच्या वरचं आकाश जरूर बघा. बऱ्याचदा ते कोरं पांढरं असतं, ढगाचा मागमूस नाही. निळं आकाश काचेवर फार जोरात उमटायचं ना!