प्रश्नाचा शेवटचा शब्द आधी वाचा

राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तिची तयारी करणाऱ्यांना एकच सांगणं आहे: प्रश्न शेवटाकडून वाचा. विषय 'पाणीटंचाई' दिसला की पाठ केलेलं सगळं उतरवून काढायचं, ही सवय मोडा. शेवटी 'कारणमीमांसा करा' आहे, 'समर्थन करा' आहे की 'चर्चा करा', यावर उत्तराचा सांगाडा ठरतो.

समजा विचारलं, महाबळेश्वरच्या मानाने वाईत पाऊस फार कमी का पडतो, कारणमीमांसा करा. बहुतेक जण लिहितात, 'कारण वाई पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे.' हे नाव झालं, कारण नव्हे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात, बाष्पाचं पाणी होतं आणि घाटमाथ्यावर बरसतं. पलीकडे उतरताना तीच हवा तापते. तापलेल्या हवेत बाष्प सामावण्याची क्षमता वाढते, त्यामुळे ढग विरतात. प्रत्येक वाक्यातून पुढचं निघालं पाहिजे. मधलं एखादं खोडूनही उत्तर तसंच उभं राहत असेल, तर ते वाक्य भरतीचं होतं.

'लातूरची पाणीटंचाई केवळ कमी पावसामुळे नाही, समर्थन करा' इथे बाजू परीक्षकानेच ठरवून दिली आहे. तुम्ही फक्त पुरावा द्यायचा. लातूरची सरासरी पुणे शहराच्या सरासरीहून कमी नाही, तरी 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. बेसॉल्ट खडकात भूजल मर्यादितच साठतं, त्यावर बोअरवेलचा उपसा आणि ऊस. पण 2014 आणि 2015 ही दोन्ही वर्षं कोरडी गेली, हा आक्षेप दडवू नका. 'केवळ' हा शब्द त्यासाठीच आहे. पाऊस कमी झालाच, पण साठा आणि वापर बिघडलेला असल्याने त्याचा फटका इतका बसला, असं उत्तर द्या.

'दुष्काळी भागात उसावर बंदी असावी, चर्चा करा' यात मात्र बाजू ठरलेली नाही. खरी गफलत इथेच होते: चार फायदे, चार तोटे आणि शेवटी 'सुवर्णमध्य साधावा'. ही यादी झाली. चर्चेत मुद्दे एकमेकांना भिडले पाहिजेत. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने पाणी पितो, हे खरं. पण शेतकरी तो का लावतो? उसाला एफआरपीचा कायदेशीर आधार आहे आणि घ्यायला कारखाना आहे. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदीची तशी खात्री नसते. म्हणजे नुसती बंदी घातली तर पाणी वाचेल आणि घर बुडेल. मग आधी डाळींच्या खरेदीची हमी, ठिबकची सक्ती आणि त्यानंतर क्षेत्रावर मर्यादा, असा क्रम लावून आपला कौल द्या. तो कोणत्या बाजूचा आहे याला महत्त्व नाही. तो वरच्या मुद्द्यांतून निघालेला हवा.

सरावाचं उत्तर मित्राला द्या आणि प्रश्न झाकून ठेवा. शेवटी कोणता शब्द होता हे त्याला वाचून ओळखता आलं नाही, तर पुन्हा लिहा.