एकच तांदूळ, दोन पोती

व्यापार-विचार

गोंदियाच्या बाजारात एचएमटी तांदूळ २५ किलोच्या पोत्यातही विकला जातो आणि ५० किलोच्या पोत्यातही. धान्य तेच, गिरणी तीच; पण वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. २०१७ पासून करआकारणी नोंदणीकृत ब्रँडवर अवलंबून होती. १८ जुलै २०२२ पासून ती कसोटी बदलली. लेबल लावून पॅकबंद केलेल्या २५ किलोपर्यंतच्या पोत्यावर, म्हणजे पूर्ण २५ किलोच्या पोत्यावरही, ५ टक्के कर लागतो. त्याहून मोठे एकच पोते करमुक्त असते. मात्र दहा-दहा किलोची पाकिटे एका मोठ्या पोत्यात घालून विकली, तर ती करपात्रच राहतात.

अनेक पेढ्यांनी ईआरपी बसवताना जुन्या वहीप्रमाणे ‘एचएमटी तांदूळ’ असे एकच खाते उघडले आणि त्याला एकच करसंकेत जोडला. संगणक तक्रार करीत नाही. तो चुकीचे बिलही तितक्याच नीटनेटकेपणाने छापतो.

एक उदाहरण घ्यावे. एका पेढीने महिन्यात २५ किलोची ८०० पोती १,२५० रुपये दराने, म्हणजे १० लाखांची विकली. ५० किलोची १,२०० पोती २,५०० रुपये दराने, म्हणजे ३० लाखांची विकली. वस्तू-खाते एकच आणि तेही करमुक्त असल्याने १० लाखांवरील ५० हजार रुपये कर ग्राहकाकडून घेतलाच गेला नाही. पुढे तपासणीत तो व्याजासह पेढीलाच भरावा लागतो. माल खाऊन संपलेल्या ग्राहकाकडे मागणार कसा?

म्हणून पहिली पायरी अशी की, वजनानुसार दोन वस्तू-खाती उघडावीत. २५ किलोच्या खात्याला दोन विक्री-संकेत लागतात. माल राज्यातच राहिला तर केंद्राचा अडीच व राज्याचा अडीच टक्के. शेजारच्या बालाघाटला किंवा राजनांदगावला पाठवला तर ५ टक्के एकात्मिक कर. ५० किलोच्या खात्याला ‘करमुक्त’ हा संकेत द्यावा. येथे ‘शून्य टक्के’ असा एकच संकेत करून निर्यातही त्यात घालणे ही नेहमीची चूक होय. निर्यात शून्य-दराची असते, तिच्यावर जमा कर मिळतो. करमुक्त विक्रीवर तो मिळत नाही.

दुसरी पायरी बिलाची. करपात्र मालास करबीजक आणि करमुक्त मालास पुरवठा-पत्र द्यावे लागते. नोंदणीकृत व्यापाऱ्याने दोन्ही प्रकारचा माल घेतला, तर दोन स्वतंत्र कागद निघावेत. एकत्र बिलाची सवलत केवळ नोंदणी नसलेल्या ग्राहकापुरती आहे. क्रमांकमालिकाही वेगळ्या ठेवाव्यात, जसे `TI/25-26/0001` आणि `BS/25-26/0001`. क्रमांक १६ अक्षरांहून लांब नसावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये.

तिसरी पायरी जमा कराची, आणि खरी गफलत येथेच होते. खरेदीसाठी तीन संकेत असावेत: केवळ करपात्र मालासाठी, केवळ करमुक्त मालासाठी आणि सामाईक. वरील पेढीने २५ किलोच्या रिकाम्या पोत्यांवर ३,००० रुपये कर दिला. तो पूर्ण मिळतो. ५० किलोच्या पोत्यांवर ४,००० दिला. तो मिळत नाही. गोदामभाडे ५० हजार व लेखापरीक्षण शुल्क १० हजार, यांवर १८ टक्क्यांनी १०,८०० रुपये कर झाला, हा सामाईक. एकूण ४० लाखांच्या विक्रीत ३० लाख करमुक्त, म्हणजे ७५ टक्के. म्हणून नियम ४२ प्रमाणे ८,१०० रुपये परत करावे लागतात आणि २,७०० उरतात. मिळण्याजोगा जमा कर एकूण ५,७०० रुपये. संकेत वेगळे नसते तर १७,८०० घेतले गेले असते, म्हणजे दरमहा १२,१०० जास्त. विक्रीचे प्रमाण दर महिन्याला बदलते, म्हणून वर्षअखेर संपूर्ण वर्षाच्या आकड्यांवर हा हिशेब पुन्हा करावा लागतो. शिवाय पुरवठादाराचे बिल जीएसटीआर-२बी मध्ये दिसल्याखेरीज कोणताच जमा कर घेता येत नाही.

चूक ओळखण्याचे साधन पेढीतच असते. महिन्यात वापरलेली २५ किलोची रिकामी पोती मोजावीत आणि करबीजकांवरील पोत्यांशी ताडून पाहावीत. ८०० पोती वापरली आणि करबीजके ६५० पोत्यांचीच निघाली, शिल्लक साठ्यातही उरलेली १५० दिसत नाहीत, तर ती कोणत्या तरी पुरवठा-पत्रावर करमुक्त म्हणून गेली आहेत. हा मेळ विवरणपत्र भरण्यापूर्वी घेतला, तर दुरुस्ती त्याच महिन्यात होते आणि ग्राहकही अजून ओळखीचा असतो.