सुट्टीची पाटी आणि तारखेचा शब्द

दिवाळीत दुकानाच्या फळीवर खडूने ‘दुकान लाभपंचमीस उघडेल’ असे लिहिले की आपल्या पूर्वजांचे काम भागत असे. गिऱ्हाईक त्याच पेठेतले. पाटी वाचून ते घरी परतत असे आणि पंचमीला पुन्हा येत असे. आता आपल्या अनेक घरांतील मुली-सुना मोबाईलवर दुकान चालवितात. त्यांचे गिऱ्हाईक बंगळुरू, इंदूर, चेन्नई असे कोठेही असते. त्याला दुकान बंद दिसत नाही, कारण पडद्यावरील दुकान रात्रंदिवस उघडेच असते. त्यामुळे सुट्टीच्या चित्राखाली लिहिलेल्या चार ओळींवर जुन्या पाटीपेक्षा बरीच अधिक जबाबदारी येते.

माझ्या पुतण्याची पत्नी पुण्यात घरूनच खाखरा, जिराळू आणि फराळाचे डबे विकते. २०२४ च्या दिवाळीत तिने पणत्यांचे सुंदर चित्र टाकून खाली लिहिले होते, ‘दिवाळीनिमित्त आम्ही काही दिवस सुट्टीवर आहोत. डिलिव्हरीला थोडा उशीर होऊ शकतो. लवकरच भेटू!’ त्या मजकुरात खोटे काहीच नव्हते, पण उपयोगाचेही काही नव्हते. नागपूरच्या एका भगिनीने बंगळुरूतील भावासाठी २६ ऑक्टोबरला डबा मागविला. पार्सल २९ ला निघाले, वाटेत कुरियरच्या सुट्ट्या लागल्या. भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली आणि डबा ६ ला पोचला. सूनबाईंनी पैसे परत केले. तेव्हा त्या भगिनी म्हणाल्या, “पैशांचे काही नाही हो. आधी कळले असते, तर मी तिथल्याच एखाद्या दुकानातून पाठवले असते.”

नुकसान नेमके कोठे झाले, ते या एका वाक्यात आहे. उशीर क्षम्य होता. पण दुसरी सोय करण्याची संधी गिऱ्हाइकाच्या हातून गेली. ‘काही दिवस’, ‘थोडा’ आणि ‘लवकरच’ हे तीन शब्द वाचून कोणालाही निर्णय घेता येत नाही.

बँकेतील नोकरीत आम्ही निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम २५ पाठ केले होते. हुंडीची किंवा बिलाची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ते देणे आदल्या कामाच्या दिवशी देय होते, नंतरच्या नव्हे. सुट्टीचा भार देणेकऱ्याने उचलायचा, घेणेकऱ्याने नाही. मालाच्या बाबतीत आपण देणेकरी आहोत, कारण पैसे आधीच घेतलेले असतात. म्हणून सणाची तारीख धरून मागे मोजत जावे. २०२५ मध्ये आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन तेच केले.

भाऊबीज गुरुवारी, २३ ऑक्टोबरला होती. लक्ष्मीपूजन २१ ला व पाडवा २२ ला असल्याने ते दोन दिवस कुरियरचे धरावयाचे नाहीत. भाऊबिजेच्या सकाळवरही विसंबता येत नाही. म्हणजे पार्सल सोमवारी, २० ला पोचलेच पाहिजे. परराज्यात पोचण्यास कामाचे पाच दिवस लागतात. मधला रविवार वगळला, तर १४ ला निघणे आवश्यक. सणाच्या गर्दीसाठी एक दिवस हाताशी ठेवला, तर निघण्याची तारीख सोमवार, १३ ठरते. भाजणे व बांधणे यासाठी शनिवार, ११. म्हणून परराज्यासाठी शेवटची ऑर्डर शुक्रवार, १० ऑक्टोबर. महाराष्ट्रात कामाचे दोन दिवस पुरतात. त्याच हिशेबाने इथली शेवटची तारीख मंगळवार, १४ आली. ‘दिवाळीच्या आठवडाभर आधी’ अशा ढोबळ अंदाजाने परराज्यातील गिऱ्हाईक पुन्हा फसले असते.

दुसरा हिशेब सुट्टीनंतरचा असून तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दुकान २१ ते २६ असे सहा दिवस बंद, पण ऑर्डरी येतच राहणार. रोज दहा धरल्या, तर उघडताना साठ ऑर्डरी साचलेल्या असतील. घरातील दोन माणसांच्या हातून दिवसाला पंचवीस पार्सले बांधून होतात. म्हणजे २७ ला पंचवीस, २८ ला पंचवीस आणि उरलेली दहा २९ ला. ‘२७ पासून सर्व पूर्ववत’ असे लिहिले असते, तर पस्तीस जणांशी पहिल्याच दिवशी शब्द मोडला असता. म्हणून वचन २९ चे द्यावे. साधले तर २७ लाच पाठवावे. आधी पोचलेल्या पार्सलाची तक्रार सहसा कोणी करीत नाही.

अखेर मजकूर असा ठरला:

‘दुकान मंगळवार २१ ते रविवार २६ ऑक्टोबर बंद राहील. भाऊबिजेपूर्वी डबा पोचावयाचा असल्यास ऑर्डरची शेवटची तारीख: महाराष्ट्राबाहेर शुक्रवार १० ऑक्टोबर, महाराष्ट्रात मंगळवार १४ ऑक्टोबर. त्यानंतरच्या ऑर्डरी सणापूर्वी पोचतीलच असे सांगता येत नाही. सुट्टीतील ऑर्डरी स्वीकारू. त्या २७ ते २९ ऑक्टोबरला निघतील आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबरपर्यंत, बाहेर ५ नोव्हेंबरपर्यंत पोचतील. पार्सल निघण्यापूर्वी ऑर्डर रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल. सुट्टीतही रोज सायंकाळी ५ ते ६ या वेळेत संदेशांना उत्तर देऊ. दिवाळीच्या शुभेच्छा.’

बंदच्या तारखा पहिल्या ओळीत आहेत आणि शुभेच्छा शेवटी, कारण मोबाईलवर चित्राखालील पहिली एक-दोन वाक्येच दिसतात, बाकीचे उघडून वाचावे लागते. ‘येत्या सोमवारी’ किंवा ‘उद्यापासून’ असेही कोठे लिहिलेले नाही. तो मजकूर चार दिवसांनी पाहणाऱ्यास, किंवा दुसऱ्याने पुढे पाठविला असता वाचणाऱ्यास, ‘उद्या’ कोणता हे कसे कळावे? वार व तारीख दोन्ही दिल्याने घोटाळा टळतो आणि लिहिताना आपली चूक झाली असेल, तर ती आपल्याही लक्षात येते.

हा मजकूर १ ऑक्टोबरला लावला. केवळ चित्राखाली लिहून आम्ही थांबलो नाही. पैसे भरण्याच्या बटणाच्या वरही त्याच तारखा दिल्या, कारण अनेक गिऱ्हाइके जुन्या दुव्यावरून थेट तेथेच पोचतात. १० ची मुदत संपताच तो भाग काढून ‘महाराष्ट्राबाहेर आता सणानंतरच’ असे घातले. लोक जुन्या पाटीवरही विश्वास ठेवतात, म्हणून ती वेळेवर उतरवणे तितकेच गरजेचे.

ज्यांची पार्सले आधीच निघून वाटेत अडकली असतील, त्यांना मात्र जाहीर मजकूर पुरत नाही. अशा प्रत्येकास नावाने स्वतंत्र संदेश गेला पाहिजे. त्यात पार्सल सध्या कोठे आहे, नवी तारीख कोणती आणि थांबावयाचे नसल्यास रक्कम परत कशी मिळेल, हे तिन्ही असावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार पाठवणी, परतावा व रक्कम परत करण्याची माहिती ग्राहकास देणे विक्रेत्यावर बंधनकारकच आहे. हा संदेश गिऱ्हाइकाच्या चौकशीआधी गेला, तर तो धीर देतो. चौकशीनंतर गेलेला तोच मजकूर सबबीसारखा वाटतो.

१७ ऑक्टोबरला नागपूरच्या त्याच भगिनींचा संदेश आला, “बंगळुरूला आता पोचणार नाही ना?” सूनबाईंनी ‘नाही’ असे कळविले. त्यांनी भावासाठी तिथेच काही घेतले आणि स्वतःसाठी खाखऱ्याची ऑर्डर दिली, सुट्टीनंतर सावकाश पाठवा म्हणून.