अर्थची पिन काढू नका, कनेक्टर उघडा

गणेशोत्सव तोंडावर आला की आमच्या टपालात एकच तक्रार वाढते: बॅलन्स्ड केबल टाकली, तरी हम जात नाही. यावेळच्या एका पत्रात स्टेजवरच्या कीबोर्डपासून मिक्सरपर्यंत ३० मीटर केबल होती. शेवटी कीबोर्डच्या पॉवर कॉर्डची अर्थ पिन काढली आणि हम थांबला, असे पत्रलेखक समाधानाने कळवतात. उद्या कीबोर्डच्या आत फेज बॉडीला लागला, तर तो प्रवाह ऑडिओच्या शील्डमधून किंवा वादकाच्या हातातून वाट काढेल. हा इलाज नव्हे, हा गुन्हा आहे.

त्यांना कनेक्टर उघडायला सांगितले, तेव्हा मिक्सरच्या टोकाला पिन १ आणि ३ जोडलेल्या निघाल्या. कीबोर्डच्या जॅकवर कोल्ड वायर लावलीच नव्हती. म्हणजे केबल बॅलन्स्ड, पण जोडणी अनबॅलन्स्ड. सिग्नलची परतीची वाट शील्डमधूनच. शील्डचा रोध १ ओहम आणि त्यात दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे १० मिलिअँपिअर प्रवाह धरा: १० मिलिव्होल्टचा हम थेट सिग्नलमध्ये मिसळतो. ३१६ मिलिव्होल्टच्या सिग्नलपेक्षा तो जेमतेम ३० डेसिबल खाली असतो.

आता हीच केबल नीट जोडू. मिक्सरकडे तिन्ही पिना वेगळ्या. कीबोर्डच्या जॅकवर हॉट टिपला, कोल्ड आणि शील्ड दोन्ही स्लीव्हला. तेच १० मिलिव्होल्ट आता हॉट आणि कोल्डवर सारखे येतात आणि इनपुट दोन्हींतला फरकच घेत असल्याने ते वजा होतात. मात्र पूर्ण नाही. कीबोर्डचा आउटपुट इंपीडन्स १ किलोओहम आणि मिक्सरच्या प्रत्येक पिनचा ग्राउंडपर्यंतचा इंपीडन्स २० किलोओहम असेल, तर हॉटवर ९.५२ मिलिव्होल्ट पोचतात, कोल्डवर १०. उरलेला हम ०.४८ मिलिव्होल्ट, म्हणजे आधीपेक्षा सुमारे २६ डेसिबल कमी.

हा उरलेला हमही घालवता येतो. जॅकच्या आत कोल्डला तेवढाच, १ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. दोन्ही तारांचा इंपीडन्स सारखा झाला की हमही दोन्हींवर सारखाच पोचतो. अनेक ऑपरेटर अजून समजतात की बॅलन्स्ड म्हणजे कोल्डवर उलटा सिग्नल हवाच. हम काढायला तो लागत नाही. कोल्डवर सिग्नल नसला तरी चालते, इंपीडन्स मात्र जुळला पाहिजे. जिथे अर्थिंगमधला फरकच मोठा आहे, तिथे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स वापरा.

मित्रहो, मंडपात माल नेण्याआधी प्रत्येक केबलचे दोन्ही कनेक्टर उघडा. पिन १ आणि ३ मधला जोड दिसला तर तोडा, कोल्ड जॅकपर्यंत न्या. आणि ज्या कॉर्डची अर्थ पिन काढलेली असेल, ती कॉर्ड आजच फेकून द्या.