दहापैकी सहा गुण

मागच्या महिन्यात भाचीला मुलगा झाला. घरी आल्यावर तिने दवाखान्याचं कार्ड वाचलं आणि घाबरून मला फोन केला, “खाला, ‘अपगार ६, ९’ लिहिलंय. दहापैकी सहाच? बाळ कमजोर आहे का?”

शिक्षिकेला गुणांचीच भाषा विचारली! पण ही परीक्षा वेगळी आहे. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन डॉक्टर बाईंनी ती १९५२ मध्ये मांडली. जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला पाच गोष्टी पाहतात: हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांची हालचाल, डिवचल्यावर बाळ काय करतं आणि त्वचेचा रंग. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण.

भाचीच्या बाळाचे ठोके मिनिटाला शंभरावर होते, म्हणून २. श्वास मंद, हातपाय थोडेच आखडलेले, डिवचलं तर नुसतं तोंड वाकडं केलं, अंग गुलाबी पण तळहात-तळपाय निळसर. चारही गोष्टींना एकेक. झाले सहा. पाचव्या मिनिटाला बाळ जोरात रडत होतं, फक्त हातपाय अजून निळसर होते. म्हणून नऊ. हा निळेपणा सुरुवातीला बहुतेक बाळांत असतो. ओठ आणि जीभ निळी राहिली तर मात्र काळजीचं. या गुणांवरून बाळाची पुढची हुशारी किंवा तब्येत ठरत नाही.

मधल्या वेळात काय झालं, ते महत्त्वाचं. नर्स गुण मोजत बसली नव्हती. तिने लगेच बाळाला कोरडं पुसलं, पाठ चोळली, ओलं कापड काढून टाकलं. एवढ्याने त्याने श्वास धरला. धरला नसता, तर पहिल्या मिनिटातच पिशवी-मास्कने श्वास द्यावा लागला असता. श्वास चालू असल्याने नाळ मिनिटभर थांबून कापली. तेवढ्यात आईचं रक्त नव्हे, बाळाचंच वारेतलं रक्त त्याच्याकडे परतलं. मग टोपी घालून उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवलं आणि वरून दोघांना पांघरलं. ओलं बाळ फार लवकर गार पडतं आणि गार पडलं की श्वासही बिघडतो.

बाहेर दादा अजानसाठी बाळ मागत होते. नर्स म्हणाली, “तासभर थांबा.” ते थांबले, मग कानात अजान दिली.

घरी आल्यावर दादीने नाळेला हळद-तेल लावायला काढलं. भाचीने हात धरला, ते बरं केलं. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची, लंगोट तिच्याखाली दुमडायचा. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ती आपोआप गळते. बुडाशी लाली पसरली, पू किंवा दुर्गंधी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आंघोळ निदान पहिले चोवीस तास नको.

भाचीला म्हटलं, “कार्डावर सहाच्या पुढचा नऊ वाच.”