तारखा लिहिल्याने कुणाचं काय बिघडतं?

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर एका ज्येष्ठ सभासदांचं निवेदन लागलं आहे. त्यांचं नाव घेत नाही. पुण्यातल्या दर सोसायटीत असा एक गृहस्थ असतोच, वाचकांनी आपापला आठवावा. मी कमिटीला पाण्याबद्दल लेखी तक्रार दिली, तीही तारीखवार, याचा त्यांना राग आला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आपण एका कुटुंबासारखे आहोत. पाणी आलं नाही तर सेक्रेटरींना जिन्यात गाठून सांगावं. कागद दिला की मनं दुखावतात. तारखा टिपणं ही कोर्टकचेरीची खोड. कमिटीची माणसं फुकट राबतात. आणि शेवटचा हुकमी एक्का: गुरुवारी महापालिका पाणी बंद ठेवते हे शेंबडं पोरही जाणतं, त्यात कमिटी काय करणार?

मनं दुखावतात हे मान्य. पण अंगाला साबण लावून कोरड्या नळाखाली उभं राहिल्यावरही काहीतरी दुखावतं. फुकट राबण्याचं म्हणाल तर त्याबद्दल आम्ही दर वार्षिक सभेत आभाराचा ठराव टाळ्यांच्या गजरात करतोच. जिन्यातली तक्रार जिन्यातच राहते, तिचा इतिवृत्तात पत्ता नसतो.

खरा मुद्दा तारखांचा आणि गुरुवारचा आहे. माझ्या तक्रारीत 9 जानेवारी, 23 जानेवारी, 6 फेब्रुवारी, 13 फेब्रुवारी आणि 27 फेब्रुवारी 2025 या तारखा आहेत. दिनदर्शिका काढून बघा, सगळे गुरुवार. निवेदनकर्त्यांनी तेवढं बघितलं आणि विजयी मुद्रेने महापालिकेकडे बोट दाखवलं. तारखेशेजारी मी वेळही लिहिली होती, ती त्यांनी वाचली नाही. नळ सकाळी सातच्या सुमारास कोरडे पडले आणि दहा-साडेदहाला पुन्हा सुरू झाले.

आता महापालिकेचं पाणी आपल्या नळात कसं येतं ते पाहू. ते थेट येत नाही. ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि गच्चीवरून ते घरोघरी उतरतं. गुरुवारी पुरवठा बंद असला, तरी गुरुवारी सकाळी खालच्या टाकीत बुधवारचं पाणी असतं. बंदचा फटका बसतो तो त्यानंतर. म्हणूनच अशा प्रत्येक जाहीर सूचनेत शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, की शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. आमच्याकडे शुक्रवारी नळ धो धो वाहत होते. गुरुवारी सकाळी बंद, त्याच दिवशी दहाला सुरू, शुक्रवारी ठणठणीत! महापालिका एवढी तत्पर असती तर आम्ही तिचेही आभार मानले असते.

27 फेब्रुवारीला सव्वासातला मी खालच्या टाकीचं झाकण उघडून त्यात काठी सोडली. ओली खूण चार फुटांवर होती. टाकी बारा फूट लांब, आठ फूट रुंद. म्हणजे 384 घनफूट पाणी, सुमारे पावणेअकरा हजार लिटर. शहरातल्या माणसामागे दिवसाला 135 लिटर हे सरकारी प्रमाण धरलं, तर वीस सदनिकांतल्या ऐंशी माणसांना पुरा एक दिवस पुरेल एवढं. पायाखाली पाणी होतं आणि डोक्यावरची टाकी रिकामी होती. दोष या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार, हे समजायला अभियंता असावं लागत नाही.

पंपघरात गेलो. बदली वॉचमनने पंप चालू केलेला होता. मोटार गुणगुणत होती, पण पॅनेलवरचा अँपिअरचा काटा नेहमीच्या खुणेच्या बराच खाली होता आणि पंपाचं कवच हाताला गरम लागत होतं. पंप पाणी उचलत असला की काटा वर जातो आणि कवच गार राहतं. हा पंप नुसती हवा घुसळत होता. पंप बंद करून वरचं बूच काढलं आणि तांब्याने पाणी ओतलं. पाणी काठापर्यंत आलं आणि डोळ्यांदेखत खाली सरकत गेलं. ते काठापर्यंतच राहायला हवं होतं. टाकीत बुडालेल्या नळीच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो. पाणी वर येऊ देणं आणि परत जाऊ न देणं एवढंच त्याचं काम. त्याच्या झडपेत खडा अडकला किंवा रबर झिजलं की पंप थांबल्यावर नळीतलं पाणी टाकीत परत जातं, नळीत हवा भरते आणि पुढच्या वेळी पंपाला पाणी ओढता येत नाही.

मग बाकीचे दिवस कसं चालतं? आमचे जुने वॉचमनमामा रोज पहाटे बादलीभर पाणी ओतून पंप भरतात आणि घाईघाईने बटण दाबतात. कुणाला न सांगता ते हे करत आले आहेत. त्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बदली माणसाला हे ठाऊक नाही. ज्या गुरुवारी काही बिऱ्हाडं गावाला असतात, त्या गुरुवारी रात्री भरलेली वरची टाकी पुरते आणि बोंब होत नाही. तारखा टिपल्या नसत्या तर ‘कधीकधी पाणी येत नाही’ एवढंच हाती लागलं असतं आणि ‘कधीकधी’वर कुठला प्लंबर काम करणार?

कमिटीनेही काही केलं नाही असं नाही. 13 फेब्रुवारीला टँकर मागवला. तो ओतला खालच्या टाकीत! तिथे पाणी आधीच असल्याने निम्मा टँकर पार्किंगमधून वाहत गटारात गेला. त्याचं बिल आमच्या मासिक शुल्कात येईल.

बिलावरून आठवलं. हेच गृहस्थ मागे पाणीपट्टी सदनिकेमागे सारखी वाटा म्हणून अडून बसले होते. आदर्श उपविधींप्रमाणे ती प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटायची असते. नळ मोजायला माणूस गेला तेव्हा त्यांनी एका न्हाणीघराला कुलूप घातलं होतं. तेव्हाही ‘आपण एका कुटुंबासारखे आहोत’ हेच वाक्य ऐकलं होतं. कुटुंबाची आठवण बिल वाटताना आणि तक्रार आली की होते, टँकर मागवताना होत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. फूट व्हॉल्व्ह काढून बघावा, झडप गेली असेल तर बदलावा, आणि नळी वर काढलीच आहे तर टाकीच्या तळाचा गाळही उपसून घ्यावा. हे होईपर्यंत पंप कसा भरायचा ते पंपघराच्या दारावर मराठीत आणि हिंदीत लिहून लावावं. पंप चालू-बंद करण्याची वेळ आणि खालच्या टाकीची पातळी यांची वही ठेवावी. खालची टाकी पाहिल्याशिवाय टँकर मागवू नये.

आणि उत्तर लेखी द्यावं. सभासदाच्या लेखी तक्रारीवर पुढच्याच कमिटी सभेत निर्णय घेऊन त्यानंतर पंधरा दिवसांत कळवायचं, असं उपविधीच सांगतात. माझा अर्ज 2 मार्चला सेक्रेटरींच्या हाती दिला आहे. पोच घेतली आहे, त्यावरही तारीख आहे.