मथळा एक, तळाची ओळ दुसरीच
कुणाची स्लाइड तपासायला आली की आपला ठरलेला शेरा: "मजकूर कमी करा." मला हा शेरा म्हणजे निव्वळ पळवाट वाटते.

जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान अवकाशात असताना नासासमोर मांडलेली स्लाइडच घ्या. मथळा दिलासा देणारा: चाचण्या पाहता आपले अंदाज सुरक्षित बाजूचेच आहेत. खाली बारीक अक्षरांची उतरंड. आणि पार तळाशी काय? चाचणीतला फोमचा तुकडा ३ घन इंच, यानावर आदळलेला अंदाजे १९२०. ६४० पट! म्हणजे त्या चाचण्यांवरून काही सांगताच येत नव्हतं. १ फेब्रुवारीला कल्पना चावलासह सातही जण गेले. दोष एकट्या स्लाइडचा नव्हे. पण चौकशी मंडळाच्या अहवालात तिची चिरफाड आहे.

इथे शब्द कापायला बसलात तर पहिली कात्री त्या तळाच्या ओळीलाच लागेल. म्हणून मी आधी शेवटची ओळ वाचतो, मग मथळा. दोघांचं पटत नसेल तर तळाची ओळ वर चढवायची: "आपल्या चाचण्या या आघाताला लागू नाहीत." मग तिला आधार देणारे मुद्देच क्रमाने ठेवायचे. बाकीचा मजकूर आपोआप गळतो.